पहिले कर्ज कोठून घ्यावे?

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा गोषवारा)



आपल्या व्यासपीठावरून शिक्षणाविषयी अनेकदा बोलले जाते. आज मला शिक्षण संपल्यानंतर लगेच उभ्या राहणाऱ्या एका प्रश्नाविषयी बोलायचे आहे. मुलगा किंवा मुलगी आय. टी. आय. करून बाहेर पडते, हाती प्रमाणपत्र येते, चार पैसे मिळवण्याची उमेद असते. पण अवजारे घ्यायला भांडवल नसते. मग घरात पहिल्यांदाच कर्जाची भाषा सुरू होते. मामा म्हणतात सहकारी बँकेत जा, तिथे माझी ओळख आहे. शेजारी म्हणतात राष्ट्रीयीकृत बँकेत व्याज कमी. आणि बाजारातला एजंट म्हणतो, कशाला हेलपाटे घालता, फायनान्स कंपनीत दोन दिवसांत पैसे देतो. या तिघांपैकी कोणाचे ऐकावे, एवढाच आजचा विषय आहे.

व्याजाविषयी आपल्या धर्मात जो प्रश्न आहे, त्याबद्दल आरंभीच दोन शब्द बोलतो. मी आलीम नाही. त्या बाबतीत निवाडा करण्याचा मला अधिकार नाही. ज्याने त्याने आपल्या उलेमांना विचारून निर्णय घ्यावा. आपल्या देशात बिनव्याजी पद्धतीची बँक उघडण्याचा विचार झाला होता, पण रिझर्व्ह बँकेने तो प्रस्ताव पुढे न नेण्याचे ठरवले, हे २०१७ मध्ये जाहीर झाले. तेव्हा ज्याला नात्यातून, जमातीतून किंवा बैतुलमालमधून कर्जे-हसना मिळू शकते, त्याने आधी ते दार ठोठवावे. मी आज बोलणार आहे ते ज्यांनी विचारान्ती संस्थेकडून कर्ज घेण्याचे ठरवले आहे त्यांच्यासाठी. आणि सूरह अल्-बकरहच्या २८२ व्या आयतीत देण्याघेण्याचा व्यवहार लेखी करावा, साक्षीदार ठेवावेत, असा जो आदेश आहे, तो सर्वांनाच लागू आहे. माझे पुढचे सारे बोलणे त्या लेखी कागदाभोवतीच फिरणार आहे.

आधी हे तीन सावकार कोण, ते नीट ओळखू या. व्यापारी बँक म्हणजे राष्ट्रीयीकृत आणि खाजगी बँका. सहकारी बँक ही सभासदांच्या मालकीची असते. कर्ज घेणाऱ्याला तिचा सभासद व्हावे लागते. तिसरी ती बिगर-बँकिंग वित्तीय कंपनी, जिला आपण नुसते फायनान्स कंपनी म्हणतो. या तिघींवरही रिझर्व्ह बँकेची देखरेख असते. येथे एक गल्लत नेहमी होते. पतसंस्था म्हणजे सहकारी बँक नव्हे. पतसंस्था राज्याच्या सहकार कायद्याखाली नोंदलेली असते, तिला रिझर्व्ह बँकेचा बँकिंग परवाना नसतो आणि तिच्यातल्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचे संरक्षणही नसते. मी आज जे नियम सांगणार आहे ते पतसंस्थेला लागू होतीलच असे धरून चालू नका. पाटीवर ‘बँक’ हा शब्द आहे की नाही, एवढे पाहिले तरी पुष्कळदा उलगडा होतो.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, कोकणातल्या एखाद्या तालुक्याच्या गावी एका तरुणाने फ्रिज आणि एअर कंडिशनर दुरुस्तीचा अभ्यासक्रम पुरा केला आहे. त्याला व्हॅक्यूम पंप, गेज, ब्रेझिंगचा संच, गॅसची टाकी आणि थोडे सुटे भाग घेऊन दुकान सुरू करायचे आहे. त्याला दोन लाख रुपये हवे आहेत आणि तीन वर्षांत, म्हणजे छत्तीस हप्त्यांत, फेडायचे आहेत. तो तिन्ही ठिकाणी जाऊन चौकशी करतो. आकडे मी हिशेबासाठी धरले आहेत. तुमच्या गावी ते वेगळे असतील, पण हिशेबाची रीत तीच राहील.

व्यापारी बँक सांगते: अकरा टक्के व्याज, घटत्या शिलकीवर. सहकारी बँक सांगते: साडेबारा टक्के, तेही घटत्या शिलकीवर, मात्र दोन जामीनदार आणि कर्जाच्या पाच टक्के रकमेचे शेअर घ्यावे लागतील. फायनान्स कंपनीचा एजंट सांगतो: बारा टक्के फ्लॅट, जामीनदार नको, दोन दिवसांत पैसे. ऐकणाऱ्याला वाटते, अकरा, साडेबारा आणि बारा. फरक तो काय? जरा इकडे तिकडे. उलट सहकारी बँकच सर्वांत महाग दिसते. येथेच पहिली फसगत होते.

‘घटती शिल्लक’ आणि ‘फ्लॅट’ या दोन शब्दांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. घटत्या शिलकीवर व्याज म्हणजे आपण जसजसे मुद्दल फेडू तसतसे उरलेल्या मुद्दलावरच व्याज बसते. फ्लॅट म्हणजे सुरुवातीच्या पूर्ण दोन लाखांवर तिन्ही वर्षे व्याज लावायचे, मग मधल्या काळात तुम्ही कितीही मुद्दल परत केलेले असो. शेवटच्या वर्षात तुमच्याकडे सरासरीने जेमतेम तीस-पस्तीस हजार रुपये उरलेले असतात, तरी व्याज दोन लाखांचेच चालू असते.

हिशेब करून पाहू. फ्लॅट पद्धतीत दोन लाखांवर वर्षाला बारा टक्क्यांनी २४,००० रुपये, तीन वर्षांचे ७२,०००. एकूण फेड २,७२,००० आणि हप्ता ७,५५६ रुपये. व्यापारी बँकेत अकरा टक्क्यांनी हप्ता येतो ६,५४८ रुपये आणि तीन वर्षांचे व्याज सुमारे ३५,७००. सहकारी बँकेत साडेबारा टक्क्यांनी हप्ता ६,६९१ रुपये आणि व्याज सुमारे ४०,९००. म्हणजे ‘बारा टक्के’ सांगणाऱ्याकडे व्याज ७२,००० आणि ‘साडेबारा’ सांगणाऱ्याकडे ४०,९००! बारा टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या शिलकीच्या भाषेत एकवीस टक्क्यांहून थोडे अधिक. तोंडी सांगितलेला दर ऐकून निर्णय घेऊ नये, असे मी म्हणतो ते याकरिता.

दुसरी गोष्ट, दोन लाख मंजूर झाले म्हणजे दोन लाख हातात पडले असे नव्हे. फायनान्स कंपनी तीन टक्के प्रक्रिया शुल्क घेते असे धरा. त्याचे सहा हजार, त्यावर अठरा टक्के जी. एस. टी. चे १,०८०. शिवाय ‘कर्जाचा विमा’ म्हणून तीन हजार कापले. हातात आले १,८९,९२० आणि हप्ता मात्र पूर्ण दोन लाखांचा. हे सारे धरले म्हणजे कर्जाचा खरा वार्षिक दर जवळजवळ पंचवीस टक्के होतो. बारावरून आपण पंचवीसवर आलो, आणि यात कोणी खोटे बोलले असे नाही; फक्त अर्धेच सांगितले.

व्यापारी बँकेने अर्धा टक्का शुल्क आणि त्यावरचा कर मिळून १,१८० रुपये घेतले, तर तिचा खरा दर सुमारे ११.४ टक्के पडतो. सहकारी बँकेने तेवढेच शुल्क घेतले आणि शिवाय शेअरचे दहा हजार कापून घेतले, तर हातात १,८८,८२० येतात. शेअरचे पैसे बुडत नाहीत. कर्ज फिटल्यावर ते नियमानुसार परत मागता येतात आणि बँक नफ्यात असेल तर लाभांशही मिळू शकतो. पण तीन वर्षे ते आपल्या हाताशी नसतात, आणि त्यांच्यावरही आपण व्याज भरत असतो. शेवटी ते पूर्ण परत मिळाले असे धरले तरी खरा दर सुमारे चौदा टक्के होतो. ज्या सहकारी बँकांचे भांडवल पुरेसे आहे त्यांना रिझर्व्ह बँकेने शेअरच्या या अटीत मोकळीक दिलेली आहे. म्हणून ‘शेअर किती घ्यावे लागतील?’ हा प्रश्न अर्ज भरण्याआधीच विचारावा.

तुम्ही म्हणाल, एवढे गणित आमच्याने कसे व्हावे? आता ते करण्याची फारशी गरज राहिलेली नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ कर्जांसाठी आणि लहान उद्योगांच्या मुदत कर्जांसाठी बँक असो, सहकारी बँक असो वा फायनान्स कंपनी असो, तिने करारावर सही घेण्याआधी कर्जदाराला ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’ म्हणजे मुख्य माहितीपत्रक दिले पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ते आपल्याला समजणाऱ्या भाषेत हवे. त्यात सर्व शुल्के मिळून होणारा वार्षिक दर एका आकड्यात लिहिलेला असतो, त्याला ए. पी. आर. म्हणतात. सोबत हप्त्यांचा तक्ता असतो, त्यात दर महिन्याला मुद्दल किती आणि व्याज किती हे दिसते. जे शुल्क या पत्रकात नाही ते कर्जदाराच्या स्पष्ट संमतीवाचून पुढे लावता येत नाही. आणि सात दिवस किंवा त्याहून अधिक मुदतीच्या कर्जात या पत्रकातल्या अटी निदान तीन कामकाजाचे दिवस कायम राहतात. तेवढा अवधी आपल्याला विचारासाठी मिळालेला आहे. एजंट म्हणाला ‘आजच सही करा, उद्या दर वाढेल’, तर समजावे की तो आपली घाई करतो आहे, नियम नव्हे.

म्हणून तिन्ही ठिकाणची तीन पत्रके घरी आणा, चटईवर शेजारी शेजारी मांडा आणि प्रत्येकात तीनच आकडे खुणा करून पाहा: हातात प्रत्यक्ष किती येणार, छत्तीस हप्ते मिळून किती जाणार, आणि ए. पी. आर. किती. सहकारी बँकेच्या पत्रकात शेअरची रक्कम खर्च म्हणून ए. पी. आर. मध्ये धरलेली नसण्याची शक्यता असते. ती आपण बाजूला लिहून ठेवावी. पत्रकच देत नसतील, किंवा कोऱ्या कागदावर सही मागत असतील, तर तेथून उठून यावे.

आता कोणी विचारील की, व्यापारी बँक सर्वांत स्वस्त आहे तर लोक दुसरीकडे जातात कशाला? याचे कारण कागद आणि वेळ. व्यापारी बँक उद्यम नोंदणी मागेल, अवजारांचे दरपत्रक मागेल, खात्याचा उतारा मागेल, दुकानाच्या जागेचा पुरावा मागेल. पैसेही बहुधा थेट अवजारे विकणाऱ्याच्या नावे देईल. यात काही आठवडे जातात. पण लक्षात घ्या, सूक्ष्म आणि लघु उद्योगाच्या लहान कर्जाला बँकांनी तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे, आणि पन्नास हजारांवरचे पाच लाखांपर्यंतचे कर्ज मुद्रा योजनेच्या ‘किशोर’ गटात बसते. तेव्हा घर किंवा दागिने गहाण टाकण्याची भाषा आपण होऊन काढू नये. ‘तुमचा क्रेडिट स्कोअर नाही’ म्हणून कोणी परतवू लागले, तर नम्रपणे सांगावे की पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्याचा स्कोअर असणार कोठून? केवळ पूर्वीचा कर्जव्यवहार नाही एवढ्याच कारणाने अर्ज नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने सांगितले आहे, आणि सरकारने २०२५ मध्ये संसदेतही ते स्पष्ट केले आहे. नकार मिळालाच तर त्याचे कारण लेखी मागावे. लेखी कारण मागितल्यावर पुष्कळदा तोच अर्ज पुन्हा पाहिला जातो.

व्यापारी बँकेचा आणखी एक फायदा आहे. ऑक्टोबर २०१९ पासून तिची बदलत्या दराची किरकोळ आणि लघु उद्योगांची नवी कर्जे रेपो दरासारख्या बाहेरच्या मापाशी बांधलेली असतात. २०२५ मध्ये फेब्रुवारी ते डिसेंबर या काळात रेपो दर साडेसहावरून सव्वापाच टक्क्यांवर आला, तेव्हा अशा कर्जदारांचे व्याज आपोआप उतरले. दर चढला तर ते चढेलही, हे विसरू नये. सहकारी बँक आणि फायनान्स कंपनी यांना असे बंधन नाही. शिवाय १ जानेवारी २०२६ पासून मंजूर झालेल्या, बदलत्या दराच्या, अशा लहान कर्जांवर मोठ्या व्यापारी बँकांना मुदतपूर्व फेडीचे शुल्क घेता येत नाही. धंदा बरा चालला तर कर्ज लवकर फेडून मोकळे होता येते. स्थिर दराच्या कर्जात मात्र असे शुल्क लागू शकते, ते पत्रकात पाहून घ्यावे.

सहकारी बँकेचे बलस्थान ओळख हे आहे. तिथला व्यवस्थापक आपल्या मोहल्ल्याला ओळखतो, आपल्या वडिलांचा व्यवहार त्याला ठाऊक असतो, कागद थोडे कमी असले तरी माणूस पाहून तो अर्ज पुढे नेतो. पण हे बलस्थान जामीनदारांच्या खांद्यावर उभे असते, आणि या बाबतीत मला पालकांना फार कळकळीने सांगायचे आहे. जामीनदाराची सही म्हणजे शिफारसपत्र नव्हे. हप्ते थकले तर बँक कर्जदाराकडे जाऊन थकल्यावरच जामीनदाराकडे येईल असे नाही. ती सरळ जामीनदाराकडे येऊ शकते. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला मिळाला, तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते, आणि तो दाखला कर्जदारासोबत जामीनदारांच्या नावेही निघू शकतो. मुलाच्या पहिल्या कर्जाला चाचांनी सही केली आणि पुढे चाचांनाच नोटीस आली, तर पैशांबरोबर नातेही जाते. म्हणून जामीनदार होणाऱ्याला हप्त्याचा तक्ता दाखवावा, आणि दर महिन्याला हप्ता भरल्याची पावती त्याच्याकडे पाठवावी. एवढ्याने पुष्कळ घरे वाचतील.

सहकारी बँकेत जाताना तिची प्रकृतीही पाहावी. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने २३ सप्टेंबर २०१९ रोजी निर्बंध घातले, हे सर्वांना आठवत असेल. आपण त्यातून ठेवीदारांचे हाल आठवतो. पण अशा निर्बंधांखालच्या बँकेला परवानगीवाचून नवे कर्ज देता येत नाही आणि जुन्याचे नूतनीकरणही करता येत नाही. ज्याचे कर्ज टप्प्याटप्प्याने मिळायचे आहे, त्याचा पुढचा टप्पा अडकू शकतो. आणि घेतलेल्या रकमेचे हप्ते मात्र चालूच राहतात. म्हणून वार्षिक अहवालात थकीत कर्जांचे प्रमाण, म्हणजे एन. पी. ए., आणि रिझर्व्ह बँकेने केलेली कारवाई, या दोन गोष्टी तरी वाचाव्यात. सभासद या नात्याने तो अहवाल मागण्याचा आपल्याला हक्क आहे.

मग फायनान्स कंपनीकडे कोणी जाऊच नये काय? असे माझे म्हणणे नाही. काही कामे तिलाच जमतात. जुना टेम्पो घ्यायचा आहे आणि बँक जुन्या वाहनाला कर्ज देत नाही. किंवा हंगाम तोंडावर आला आहे, रक्कम लहान आहे आणि सहा महिन्यांत ती निश्चित परत होणार आहे. अशा वेळी महाग दर थोड्या काळापुरता परवडतो. परवडत नाही तो तीन वर्षे. आपल्या तरुणाच्या उदाहरणात बँक आणि फायनान्स कंपनी यांच्या हप्त्यांत महिन्याला हजार रुपयांचा फरक आहे. दुकान नवे आहे, पावसाळ्यात एअर कंडिशनरचे काम मंदावते, अशा महिन्यात ते हजार रुपयेच हप्ता चुकवतात. हप्ता परतला की आपली बँक शुल्क घेते आणि कंपनी दंड लावते. एप्रिल २०२४ पासूनच्या नियमाने हा दंड व्याजात मिसळून त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही, हे खरे. पण दंड तो दंडच.

आणि कंपनी खरोखर नोंदलेली आहे की नाही हे रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरील यादीत पाहिल्याशिवाय एक कागदही देऊ नये. कर्जाची रक्कम थेट आपल्या खात्यात यावी आणि हप्ता थेट कंपनीच्या खात्यात जावा. मधल्या माणसाच्या खात्यात किंवा फोनवर पैसे पाठवावयास सांगितले, विशेषतः कर्ज मंजूर होण्याआधीच ‘फी’ मागितली, तर तो सावकार नसून भामटा आहे असे समजावे.

तक्रार झालीच तर आधी त्या संस्थेकडे लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. तीस दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. अगदी लहान सहकारी बँका आणि काही लहान कंपन्या त्या योजनेत येत नाहीत. म्हणून आपली संस्था त्यात आहे काय, हेही कर्ज घेण्याआधीच विचारून ठेवलेले बरे.

तर आमच्या तरुणाने काय करावे? माझे मत असे. गरज लागण्याच्या दोन महिने आधीच त्याने उद्यम नोंदणी करावी, दरपत्रक आणावे आणि व्यापारी बँकेत अर्ज टाकावा. तेथे नकार आला किंवा फार विलंब लागला, तर सहकारी बँक. शेअरचा हिशेब करून आणि जामीनदारांना सारे समजावून. फायनान्स कंपनी शेवटी, तीही लहान रकमेसाठी आणि थोड्या मुदतीसाठी. पण हा क्रम डोळे झाकून पाळू नये. एखाद्या गावी सहकारी बँकेचे पत्रकच सर्वांत स्वस्त निघेल, तर तिथेच जावे. आधी पत्रक वाचावे, मग पाटी.

घरातला शिकलेला मुलगा किंवा मुलगी हे पत्रक वडिलांना वाचून दाखवू शकते. सही करणाऱ्या हाताशेजारी वाचणारे डोळे असावेत, एवढीच माझी विनंती आहे.